करंगळी जागी, मग बाकीची बोटे बधिर का?

वाचकाचे पत्र: मी ४७ वर्षांची आहे. वेंगुर्ले तालुक्यात काजूच्या कारखान्यात बारा वर्षे काजूगर सोलण्याचे काम करते. गेले पाच महिने मध्यरात्रीनंतर उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते. हात झटकला की बरे वाटते. अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर होतात, करंगळी कधीच नाही. अंगठ्याच्या मुळाशी सुई टोचली तर नीट कळते. कळा मात्र कोपरापर्यंत जातात. मूठ घट्ट वळते, पण पोलक्याचे हूक लावताना बोटे चुकतात. शेजारच्या काकी म्हणतात, रक्त साकळते. कोणी म्हणतात, मानेत गॅप आहे. मला वाटते, नस दबली असती तर सगळाच हात गेला असता. रोज कोपराखाली तेल चोळून, मनगटाला ओढणी घट्ट बांधून झोपते. हे बरोबर आहे का? काम सोडावे लागेल का?

ताई, आधी ती ओढणी सोडा, आजच रात्री. तिच्यामुळे त्रास वाढण्याचीच शक्यता आहे. ती का सोडायची हे पुढे सांगते; कारण समजल्याशिवाय तुम्ही ती पुन्हा बांधाल, असे मला वाटते.

तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट तुम्ही जवळजवळ सहज लिहून गेला आहात: करंगळीला काही होत नाही आणि अंगठ्याच्या मुळाशी सुई कळते. यावरून तुम्ही नस दबलेली नाही असा निष्कर्ष काढलात. मला मात्र त्याच दोन गोष्टींवरून नस नेमकी कुठे दबत असावी, याचा अंदाज बांधता येतो. ‘नस दबली तर सगळा हात जाईल’ या समजुतीमागे हाताला एकच नस आहे असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात पंजाला तीन मोठ्या नसा येतात आणि त्या वेगवेगळ्या वाटांनी येतात. तुमच्या पत्रात ज्या बोटांची तक्रार आहे ती मीडियन नावाच्या नसेची आहेत: अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची अर्धी बाजू. करंगळी आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू अल्नर नावाच्या दुसऱ्या नसेकडे असते. म्हणून आज रात्री मुंग्या आल्या की अनामिकेच्या दोन्ही कडांवरून कापसाचा बोळा फिरवून पाहा. एक कड बोथट आणि दुसरी शाबूत लागली, तर ती बाब डॉक्टरांना आवर्जून सांगा. एकाच बोटाची अशी उभी विभागणी रक्ताभिसरणाच्या दोषात होत नाही आणि मानेच्या दुखण्यातही सहसा आढळत नाही.

आता मनगटाकडे येऊ, कारण तुमची मीडियन नस तिथल्या एका अरुंद बोगद्यात दबत असावी; या आजाराला कार्पल टनल सिंड्रोम म्हणतात. बहुतेक जण ‘मनगटाचा बोगदा’ म्हटले की घड्याळाचा पट्टा बसतो ती जागा दाखवतात, पण बोगदा तिथे नसतो. मनगटावर तळव्याच्या लगत जी शेवटची आडवी घडी दिसते, तिथे तो सुरू होतो आणि तिथून तळव्यात सुमारे तीन सेंटिमीटर आत जातो. त्याचा तळ आणि दोन्ही भिंती मनगटाच्या लहान हाडांनी बनलेल्या असतात. ही आठ हाडे पन्हळीसारख्या कमानीत बसलेली असतात. त्या पन्हळीवर एक जाड, चिवट पट्टा आडवा ताणलेला असतो. अंगठ्याच्या बाजूला तो दोन हाडांच्या उंचवट्यांना आणि करंगळीच्या बाजूला दुसऱ्या दोन हाडांना चिकटलेला असतो. हा पट्टा म्हणजे बोगद्याचे छत. तीन बाजूंनी हाड आणि चौथ्या बाजूला जवळजवळ न ताणणारा पट्टा, त्यामुळे आत काही फुगले तर त्याला बाहेर सरकायला जागा मिळत नाही.

आत काय असते, ते मोजून सांगते. बोटे वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या, म्हणजे कंडरा, आणि त्यांच्याबरोबर एकच नस, ती मीडियन. नऊपैकी चार कंडरा चार बोटांच्या मधल्या पेरापर्यंत जातात, चार त्यांच्या खालून बोटांच्या टोकाच्या पेरापर्यंत जातात आणि नववी एकटी अंगठ्याच्या टोकाच्या पेराची. या सर्व कंडरांभोवती गुळगुळीत, ओलसर आवरण असते, जेणेकरून त्या एकमेकींवर घासू नयेत. मीडियन नस या गर्दीच्या वर, छताला अगदी लागून असते. ती आतील सर्वांत मऊ वस्तू आहे आणि एका बाजूला ताठ पट्टा तर दुसऱ्या बाजूला ताणलेल्या दोऱ्या, अशी तिची जागा आहे.

बोगद्यात काय नसते, हेही तितकेच महत्त्वाचे आहे, आणि काकींच्या मताचे उत्तर तिथेच मिळते. पंजाला रक्त देणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांपैकी एकही या बोगद्यातून जात नाही. एक अंगठ्याच्या मुळाला वळसा घालून मागून येते. दुसरी, अल्नर नसेला बरोबर घेऊन, छताच्या वरून, करंगळीच्या बाजूच्या एका वेगळ्या वाटेने जाते. म्हणून बोगद्यात कितीही दाटी झाली तरी सहसा तुमची नखे गुलाबीच राहतील, हात गरमच राहील आणि करंगळी जागीच राहील. बधिर बोटे पांढरी किंवा निळसर आणि थंडगार पडत असतील, तर मात्र तो वेगळा आजार असू शकतो आणि डॉक्टरांना तसे सांगायला हवे.

तरीही काकींचे म्हणणे पूर्णपणे चुकीचे नाही. रक्त अडते खरे, पण ते हाताचे नव्हे, नसेचे स्वतःचे. नसेच्या आवरणात केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या असतात आणि त्यांतील परतीच्या वाहिन्यांमध्ये दाब फारच कमी असतो. निरोगी मनगट सरळ असताना बोगद्यातील दाब पाऱ्याच्या दोन-तीन मिलिमीटरच्या आसपास असतो. हा आजार झालेल्यांमध्ये तो मनगट सरळ असतानाही ३० च्या पुढे मोजला गेला आहे, आणि मनगट पूर्ण आत किंवा पूर्ण मागे वाकवले की ९० ते ११० पर्यंत चढतो. साधारण २० ते ३० च्या दाबालाच नसेतील परतीचे रक्त अडू लागते; मग नस फुगते, फुगल्याने दाब आणखी वाढतो, आणि तिला प्राणवायू कमी पडला की मुंग्या व बधिरपणा सुरू होतो.

रात्रीचे कोडेही यातूनच सुटते. झोपेत आपण मनगट उशीखाली किंवा गालाखाली दुमडतो. बोटे चालत नाहीत, त्यामुळे त्यांच्या हालचालीने एरवी पुढे सरकणारा पाझर तिथेच राहतो, आणि दिवसभर पायांत उतरलेले पाणी आडवे झाल्यावर सगळीकडे पसरते. दाब हळूहळू चढतो आणि मध्यरात्रीनंतर जाग येते. तुम्ही हात झटकता तेव्हा मनगट सरळ होते, हालचाल होते, दाब उतरतो आणि नसेतले रक्त पुन्हा वाहू लागते. म्हणून दोन मिनिटांत बरे वाटते. झटकून आराम पडणे ही या आजाराची इतकी ठळक खूण आहे की, मी रुग्णाला ‘रात्री जाग आल्यावर तुम्ही हाताचे काय करता?’ असे विचारते आणि उत्तर तोंडाने न देता बहुतेक जण हात झटकून दाखवतात.

आता तुमच्या ओढणीचे पाहू. बोगदा आधीच भरलेला असताना बाहेरून आवळले तर आतला दाब वाढणार, आणि परतीचे रक्तही अडणार. ती रात्रभर आवळलेली राहणे हे औषधाच्या नेमके उलटे आहे.

अंगठ्याच्या मुळाशी सुई का कळते, याचे उत्तर मला सविस्तर द्यावेसे वाटते, कारण याच मुद्द्यावर अनेक जण गोंधळतात. तुमच्याकडच्या पोफळीच्या बागेतला पाट डोळ्यांसमोर आणा. पाट बांधाखालच्या मोरीतून पलीकडे जातो आणि त्याला ठिकठिकाणी फाटे फुटलेले असतात. मोरीत पालापाचोळा अडकला तर मोरीच्या पुढच्या फाट्यांची आळी कोरडी पडतात. मोरीच्या अलीकडे जो फाटा फुटला त्याच्या आळ्यांना पाणी पोहोचतेच. मीडियन नसेचे तसेच आहे. मनगटाच्या घडीच्या सुमारे पाच सेंटिमीटर अलीकडे, कोपराच्या बाजूला, तिच्यातून त्वचेसाठी एक बारीक फाटा निघतो आणि तो बोगद्यात न शिरता छतावरून जाऊन अंगठ्याखालच्या उंचवट्याच्या त्वचेपर्यंत पोहोचतो. म्हणून बोगद्यात नस दबली तरी त्या जागेची संवेदना टिकते. तीच जागा बधिर झाली असती, तर दाब मनगटाच्या वर, कोपराकडे किंवा मानेत आहे का, याचा शोध घ्यावा लागला असता.

कोपराखालच्या हाताचेही असेच आहे, आणि तुमच्या मुठीचे रहस्य तिथे आहे. कोपर आणि मनगट यांच्यामध्ये दोन हाडे आणि त्यांना जोडणारा एक मजबूत पडदा असतो. त्यामुळे या भागाचे पुढचा आणि मागचा असे दोन मुख्य कप्पे पडतात. पुढच्या, म्हणजे तळव्याच्या बाजूच्या कप्प्यात मनगट व बोटे वाकवणारे स्नायू असतात, आणि मागच्यात ती सरळ करणारे. अंगठ्याच्या बाजूच्या काही स्नायूंचा एक छोटा तिसरा गट मानतात. मागच्या कप्प्यातील कंडरा मनगटाच्या पाठीमागच्या वाटांनी बोटांत जातात आणि त्यांची नसही वेगळी असते. पुढच्या कप्प्यातील बहुतेक स्नायूंना मीडियन नसच चालवते, पण त्यांचे सगळे फाटे बोगद्याच्या कितीतरी आधी, कोपराच्या आसपास निघून गेलेले असतात. म्हणजे बोगद्यातून जातात त्या फक्त या स्नायूंच्या दोऱ्या. त्यांना हुकूम देणारे फाटे वरच फुटलेले. म्हणूनच तुमची मूठ घट्ट वळते. बोगद्यात मीडियन नस दबली की मूठ जाईल, ही अपेक्षाच चुकीची होती.

बोगदा पार केल्यावर मीडियन नसेकडे जे काम उरते ते थोडे पण नाजूक आहे: साडेतीन बोटांची संवेदना, तर्जनी व मधल्या बोटाचे दोन छोटे स्नायू आणि अंगठ्याखालच्या उंचवट्यातील बहुतेक स्नायू. हे शेवटचे स्नायू अंगठा तळव्यापासून उभा करून इतर बोटांसमोर आणतात. हूक लावताना तुमची बोटे चुकतात ती याच दोन कारणांनी असावीत: हूक नीट जाणवत नाही, आणि अंगठा पुरता समोर येत नाही. एक चाचणी घरी करा. उताणा तळहात टेबलावर ठेवा, अंगठा छताकडे सरळ उभा करा आणि घरातल्या कोणाला तरी एका बोटाने तो खाली दाबायला सांगा. दोन्ही हातांची तुलना करा. उजवा अंगठा सहज पडत असेल, किंवा त्याखालचा उंचवटा डाव्यापेक्षा चपटा दिसत असेल, तर तपासणी पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

आणखी एक तपासणी अशी: अंगठा आणि तर्जनीची टोके जुळवून गोल करा. गोल न होता दोन्ही बोटांची टोकाची पेरे सपाट पडत असतील, तर दाब बोगद्यात नसून पुढच्या कप्प्याच्या आत, तिथे फुटणाऱ्या एका खोल फाट्यावर असू शकतो. त्या फाट्याकडे त्वचेची संवेदना नसते, त्यामुळे त्या रुग्णांना बधिरपणा नसतो. तुमची मूठ घट्ट वळते आणि मुंग्याच जास्त आहेत, त्यामुळे तुमच्या बाबतीत मला हे फारसे संभवत नाही.

कोपरापर्यंत जाणाऱ्या कळांवरून तुम्ही कोपराखालचा हात दुखावला आहे असे मानले आणि तिथे तेल चोळता. दुखते तिथेच दोष, हे गृहीतक नसांच्या बाबतीत नेहमी खरे ठरत नाही. मनगटात नस दबली तरी वेदना तिच्या मार्गाने वर, कधी खांद्यापर्यंतही जाणवते. बधिरपणा मात्र वर चढत नाही. शिवाय कोपराखालच्या त्वचेची संवेदना मीडियन नसेकडे नसतेच, ती दुसऱ्या नसा पाहतात. तेलाने नुकसान नाही, झोपेआधी बरे वाटत असेल तर लावा, पण त्यामुळे बोगद्यातील दाब उतरणार नाही. फक्त एक अपवाद लक्षात ठेवा: हाड मोडल्यानंतर किंवा हात चिरडल्यानंतर कोपराखालचा भाग दगडासारखा टणक होऊन, बोटे सरळ केली की असह्य कळ येत असेल, तर त्या कप्प्याच्या आतच दाब साठला असू शकतो. ती काही तासांत हात गमावण्याची वेळ असते. तिथे चोळायचे नाही, थेट रुग्णालयात जायचे.

मानेतील गॅपबद्दल. मानेतील सहावी नस दबली तरी अंगठा आणि तर्जनीला मुंग्या येतात, त्यामुळे ही शंका घेणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण मानेच्या दुखण्यात मान वळवल्यावर किंवा मागे नेल्यावर मुंग्या वाढतात, कोपराखाली अंगठ्याच्या बाजूची त्वचाही बोथट होऊ शकते, आणि हात झटकून फारसा फरक पडत नाही. शिवाय तुमच्या वयात मानेच्या एक्स-रेमध्ये हाडांची झीज दिसणे अगदी सामान्य आहे. ती दिसली म्हणजे हाताचे कारण सापडले असे होत नाही.

काम कारण आहे का, हे प्रामाणिकपणे सांगायचे तर, एकटे काम क्वचितच कारण असते. काजूगराची साल काढताना अंगठा आणि तर्जनीची चिमटी तासन्‌तास आवळलेली असते आणि मनगट वाकलेले असते. या दोन्ही गोष्टी बोगद्यातील दाब वाढवतात. पण त्याच पाटावर बारा वर्षे बसणाऱ्या सगळ्याच बायकांना हा त्रास होत नाही. मधुमेह, थायरॉईड कमी असणे, संधिवात, गरोदरपण, पाळी जाण्याचा काळ, वाढलेले वजन, मनगटाचे जुने फ्रॅक्चर, यांपैकी काहीतरी बरोबर असल्यास बोगद्यातील दाटी वाढते. म्हणून उपाशीपोटीची साखर आणि थायरॉईड, या दोन रक्तचाचण्या आधी करून घ्या. आणि कमतरता तपासल्याशिवाय बी-१२ ची इंजेक्शने घेण्यात अर्थ नाही. त्या जीवनसत्त्वाची कमतरता असेल तरच त्यांचा उपयोग असतो, बोगद्यातील दाब ती कमी करत नाहीत.

उपचाराची पहिली पायरी साधी आहे: रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, ज्याला दुकानात ‘रिस्ट स्प्लिंट’ म्हणतात. पण इथे एक गोष्ट बहुतेक जण चुकतात. बाजारात मिळणाऱ्या अनेक पट्ट्यांत धातूची पट्टी मनगट मागे वाकलेले राहील अशी वळवलेली असते, आणि मागे वाकल्यावरही दाब वाढतो, हे वर आलेच आहे. ती पट्टी काढून टेबलावर सपाट करून पुन्हा घाला, म्हणजे हात कोपराशी सरळ रेषेत राहील. बोटे मोकळी असावीत आणि पट्टा सैल बांधलेला असावा. बांधल्यावर खाली तुमचे एक बोट सहज गेले पाहिजे. रोज रात्री, किमान सहा आठवडे. दोन रात्रींत फरक नाही म्हणून काढून टाकू नका. कामावर दर अर्ध्या तासाने हात सोडून बोटे सरळ करा, आणि मनगट वाकणार नाही अशा उंचीवर काजूची टोपली ठेवा. मुकादमाला कारण सांगून जागा बदलून मागणे काही कमीपणाचे नाही.

सहा आठवड्यांनी फरक नसेल किंवा अंगठा कमजोर असेल, तर डॉक्टर मनगट दुमडून मिनिटभर धरणे, बोगद्यावर अर्धा मिनिट बोट दाबणे अशा साध्या चाचण्या करतील, आणि नसेतून विजेचा संकेत किती वेगाने जातो ते पाहणारी एनसीव्ही चाचणी सुचवतील. तुमच्याकडची मंडळी त्यासाठी कोल्हापूर किंवा गोव्याला जातात. आजार अगदी सुरुवातीला असेल तर ही चाचणी सामान्यही येऊ शकते. म्हणून केवळ अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून तुमच्या मुंग्या खोट्या ठरत नाहीत. बोगद्यात स्टेरॉईडचे इंजेक्शन दिल्याने अनेकांना काही महिने आराम मिळतो, पण काहींना त्रास परत येतो.

शस्त्रक्रियेची भीती बाळगून बसलेल्या एका मासळीविक्रेत्या बाईंची आठवण मला नेहमी येते. दोन वर्षे त्या रात्री हात झटकत राहिल्या आणि माझ्याकडे आल्या तेव्हा अंगठ्याखालचा उंचवटा खळगा पडल्यासारखा झाला होता. छताचा पट्टा कापल्यावर त्या पहिल्याच आठवड्यात सलग झोपल्या, पण उंचवटा काही भरून आला नाही. सुरुवातीला नसेचे फक्त आवरण बिघडते आणि ते पुन्हा बनू शकते. आतले तंतूच मेले, तर त्यांचे परत येणे हळू आणि बहुतेकदा अपुरे असते. तुमचे पाच महिने झाले आहेत. त्यामुळे तुम्ही अजून पहिल्या टप्प्यात असण्याची चांगली शक्यता आहे, आणि अंगठ्याची ताकद पाहण्यासाठी वर सांगितलेली चाचणी म्हणूनच मला हवी आहे.

शस्त्रक्रिया लागलीच, तर त्यात नसेला हात लावत नाहीत. बोगद्याचे छत उभे कापून मोकळे करतात आणि पट्टा नंतर सैल होऊन जुळून येतो. तळव्यावरची चीर सहसा अनामिकेच्या रेषेत घेतात, अंगठ्याच्या बाजूला नव्हे, कारण तिथल्या त्वचेखालून तोच बारीक फाटा जातो ज्याच्यामुळे तुम्हाला सुई कळली. हलकी कामे साधारण दोन आठवड्यांत सुरू होतात; चिमटी आवळून काजू सोलण्याइतका जोर यायला त्याहून अधिक, बहुतेकदा सहा ते आठ आठवडे लागतात, आणि तळव्याच्या मुळाशी दाबल्यावर दुखणे त्यानंतरही काही महिने राहू शकते. तोवर कारखान्यात निवडीचे किंवा प्रत लावण्याचे काम मिळते का, ते आताच विचारून ठेवा. नोकरी सोडण्याचा विचार सध्या बाजूला ठेवा.